भिंतीवरची अक्षरं वाचता आली म्हणून दहा टक्के?

काका नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोडकडं राहते, घरी विड्या वळते. आमचे मिस्टर 43 वर्षांचे, लूमवर होते, पण दोनदा मशीनवर आदळले म्हणून मालक आता कामावर घेईना. लहानपणापासनं त्यांना रात्रीचं दिसत नाही आणि आता बाजूचं पण दिसत नाही, नाकासमोरचं तेवढं बघतात. डोळ्याच्या डॉक्टरनी आरपी सांगितलंय, औषध नाही म्हणाले. सरकारी बोर्डात भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, चष्मा लावून उजवा 6/12 आणि डावा 6/24, आणि 10 टक्क्याचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट आलं. निराधारचा अर्ज 40 टक्के नाहीत म्हणून परत आला. खाजगीत काढलेला फील्डचा रिपोर्ट आहे, त्यावर डॉक्टरनी पेनानं उजवा 14 डिग्री डावा 12 डिग्री लिहिलंय, पण बोर्डात तो कुणी हातात पण घेतला नाही. एजंट म्हणतो नवीन अर्ज टाकू, पाच हजार द्या. काय करू?

– पूर्व भागातली एक बहीण

ताई, सगळ्यात आधी त्या एजंटला रिकाम्या हाताने घरी पाठवा. नवीन अर्ज म्हणजे तोच आधार नंबर, तीच दिव्यांग ओळखपत्राची युडीआयडी सिस्टीम, त्यात तुमच्या मिस्टरांचं नाव 10 टक्क्यांसकट आधीच बसलेलं, मग तो अर्ज एकतर अडकतो नाहीतर फिरून त्याच बोर्डापुढे येतो आणि तिथे परत तीच भिंत आणि तीच अक्षरं. तुमचं काम नवीन अर्जाचं नाहीच आहे. तुमचं काम आहे राहिलेली एक तपासणी करून घ्यायचं, आणि त्याला पैसे लागतात ते रिपोर्टला, एजंटला नाही.

आता हे 10 टक्के आले कुठून ते आधी समजून घ्या, कारण ते समजलं की अर्जात काय लिहायचं ते आपोआप कळतं. डोळ्यांचे टक्के डॉक्टर मनाने देत नाहीत, त्याचा केंद्र सरकारचा तक्ता आहे. तक्त्यात चांगला डोळा एका बाजूला आणि खराब डोळा दुसऱ्या बाजूला, दोन्ही जिथे भेटतात तो आकडा. चांगला डोळा चष्म्यासकट 6/6 ते 6/18 च्या मधे असला आणि खराब डोळा 6/24 ते 6/60 मधे असला की उत्तर 10 टक्के. तुमचा 6/12 आणि 6/24 बरोब्बर त्या घरात पडतो. म्हणजे बोर्डाने जेवढं मोजलं तेवढ्याचा हिशोब चुकलेला नाही, आणि म्हणूनच तुम्ही जाऊन 'टक्के चुकीचे दिले' म्हणून भांडलात तर समोरचा डॉक्टर तक्ता काढून दाखवणार आणि तो बरोबर असणार.

गडबड दुसरीकडे आहे. 2016 चा जो दिव्यांग हक्क कायदा आहे त्याच्या शेवटी एक अनुसूची आहे, त्यात अल्पदृष्टीची व्याख्या दोन भागात दिलीय आणि दोन्हीच्या मधे 'किंवा' आहे. पहिला भाग अक्षरांचा, म्हणजे चांगल्या डोळ्याने चष्म्यासकट किती लांबचं वाचता येतं. दुसरा भाग नजरेच्या घेराचा, ज्याला कागदोपत्री दृष्टिक्षेत्र म्हणतात आणि दवाखान्यात सगळे फील्ड म्हणतात, तो 40 अंशापेक्षा कमी ते 10 अंशापर्यंत आक्रसला असेल तरी ती अल्पदृष्टीच, मग अक्षरं कितीही वाचता येऊ देत. आणि 10 अंशाच्या खाली गेला तर कायद्याच्या भाषेत ते अंधत्व. त्या एका 'किंवा'वर तुमची अख्खी केस उभी आहे.

आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आजारच असा की डोळ्याचा पडदा कडेकडेने मरत जातो आणि मधला ठिपका शेवटपर्यंत टिकतो. आधी रातांधळेपणा, मग बाजूचं दिसणं जातं, मग माणूस जणू पाईपमधून जग बघतो. पाईपमधून बघणाऱ्याला समोरच्या भिंतीवरचं अक्षर नीट दिसतं हो, पण बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही, पायाशी बसलेलं पोर दिसत नाही, लूमवर काम करताना शेजारून फिरणारा पट्टा दिसत नाही. म्हणून ज्या पेशंटला निदान 'आरपी' असं लिहिलंय त्याची फक्त अक्षरं तपासणं म्हणजे ताप आलेल्या माणसाची उंची मोजण्यासारखं आहे, मोजलं ते खरं, पण ते मोजायचंच नव्हतं. (रागावून लिहितोय, माफ करा, पण ही एकच गोष्ट मी इतक्यांदा बघितलीय.)

आता तोच तक्ता घेराच्या बाजूने वाचा. दोन्ही डोळ्यांचा घेर 40 पेक्षा कमी ते 20 अंश असेल तर 40 टक्के. दोन्हीचा 20 पेक्षा कमी ते 10 अंश असेल तर 70 टक्के. तुमचे 14 आणि 12 हे दुसऱ्या घरात बसतात, म्हणजे तेच डोळे, तोच माणूस, एका तपासणीने 10 आणि दुसऱ्या तपासणीने 70.

पण थांबा, इथे एक खड्डा आहे आणि त्यात भरपूर लोक पडतात. 14 डिग्री म्हणजे नेमकं काय? मधल्या बिंदूपासून एका बाजूला 14, का या टोकापासून त्या टोकापर्यंत मिळून 14? काही डॉक्टर त्रिज्या लिहितात, काही व्यास लिहितात, आणि बरेच जण काहीच स्पष्ट न करता नुसता आकडा लिहितात. तुमच्या केसमध्ये नशीब असं की दोन्ही अर्थांनी किमान 40 टक्के होतातच. आरपार 14 असेल तर 70 चं घर. एका बाजूला 14 असेल तर आरपार 28 झाले, आणि कुणी आरपारच मोजायचं म्हटलं तर डावा 24, उजवा 28, तरी 40 टक्क्यांचं घर सुटत नाही. म्हणजे निराधारसाठी लागणारी लाईन तुम्ही ओलांडताच. तरीपण रिपोर्टवर ते स्पष्ट नसेल तर बोर्डातला डॉक्टर 'हे अनक्लिअर आहे' म्हणून बाजूला ठेवू शकतो, त्यामुळे खाजगी डॉक्टरांकडे परत जा आणि एक पान लेटरहेडवर लिहून घ्या, की दोन्ही डोळ्यांत शिल्लक घेर इतका, तो आरपार मोजला की मध्यापासून, कोणत्या मशीनवर, कोणत्या तारखेला, आणि खाली सही शिक्का आणि नोंदणी क्रमांक. मशीनचा प्रिंटआऊट स्वतःहून 'इतके अंश उरले' असं कुठे छापत नाही, त्यावर नुसते काळे करडे ठिपके आणि आकड्यांचं जाळं असतं, ते वाचून अंश डॉक्टरनीच लिहायचे असतात. पेनाने कोपऱ्यात खरडलेलं बोर्ड मानत नाही आणि मला विचाराल तर मानू पण नये.

रिपोर्टचं बोलतोच आहे तर तेच नीट सांगतो, कारण इथेच केस जिंकते किंवा हरते.

फील्डची तपासणी म्हणजे माणूस मशीनच्या भांड्यात तोंड घालून बसतो, मधे एक दिवा, त्याच्याकडे एकटक बघायचं आणि इकडेतिकडे बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. म्हणजे ही टेस्ट पेशंटच्या उत्तरावर चालते. आणि म्हणूनच बोर्डाला कायम शंका असते, हा मुद्दाम बटण दाबत नसेल तर? त्यांचंही चूक नाही, तसे लोक येतात. आता त्या शंकेला उत्तर दोन ठिकाणी असतं. पहिलं त्याच प्रिंटआऊटच्या वरच्या कोपऱ्यात, तिथे फिक्सेशन लॉस, फॉल्स पॉझिटिव्ह, फॉल्स निगेटिव्ह असे तीन आकडे छापलेले असतात. फिक्सेशन लॉस म्हणजे नजर मधल्या दिव्यावरून किती वेळा हलली, तो 20 टक्क्यांच्या वर गेला की मशीन स्वतःच बाजूला खूण करतं. तुमच्या रिपोर्टवर ते तीन आकडे बघा, खूण असेल तर ही टेस्ट परत करा, पैसे गेले तरी चालतील, कारण तसला रिपोर्ट घेऊन जाणं म्हणजे समोरच्याच्या हातात दगड देणं.

परत करायची झाली तर मिस्टरांना आदल्या रात्री झोपू द्या, सकाळची वेळ घ्या. खूप जणांना माहीत नसतं की डोळे थकले तर बटण दाबून धरलं की बहुतेक मशीनवर टेस्ट तेवढा वेळ थांबते, आधी तिथल्या टेक्निशियनला विचारून घ्या आणि मग चार वेळा डोळे मिचकावून परत सुरू करायची. आणि मुद्दाम कमी दाबू नका हे पण सांगा त्यांना. कंटाळलेल्या किंवा नाटक करणाऱ्या माणसाचा रिपोर्ट वेगळाच येतो, बऱ्याचदा चार पाकळ्यांच्या पानासारखा आकार उमटतो, आरपीतला घेर असा नसतो, आणि जाणकार डॉक्टर ते बघता क्षणी ओळखतो.

अजून एक बारकावा. फील्डची टेस्ट वेगवेगळ्या जाळ्यांवर होते. 24-2 नावाची जी नेहमीची आहे ती मध्यापासून साधारण 24 अंशापर्यंत बघते पण तिचे ठिपके सहा सहा अंशांवर असतात, त्यामुळे ज्याचा घेर एवढुसाच उरलाय त्याच्या वाट्याला मधे चारपाचच ठिपके येतात आणि नेमका किती उरला ते कळत नाही. 10-2 नावाची दुसरी आहे ती मधल्या 10 अंशातच बघते पण दोन दोन अंशांवर, त्यामुळे उरलेलं बेट स्वच्छ दिसतं. नुसती 10-2 नेली तर बोर्ड म्हणेल बाहेरचं दिसत असेल तर काय माहीत, नुसती 24-2 नेली तर म्हणेल अंश कसे काढले. म्हणून दोन्ही डोळ्यांच्या दोन्ही टेस्ट न्या. तुमच्याकडे यातली कुठली आहे ते प्रिंटआऊटच्या वरच छापलेलं असतं.

आणि शंकेला दुसरं उत्तर म्हणजे असे रिपोर्ट जे माणूस ठरवून बदलूच शकत नाही. पडद्याचा फोटो, ज्याला फंडस फोटो म्हणतात, त्यात आरपीवाल्याच्या पडद्यावर कडेला काळे काळे डाग दिसतात, हाडाच्या बारीक काट्यांसारखे, रक्तवाहिन्या दोऱ्यासारख्या बारीक झालेल्या आणि नसेचं टोक फिकट मेणासारखं. त्यात नाटक करता येत नाही. ईआरजी म्हणून एक तपासणी असते, उजेड दाखवून पडद्यातून उठणारा करंट मोजतात, आरपीत तो अगदी क्षीण होतो किंवा उठतच नाही. ईआरजी सगळीकडे होत नाही आणि खर्चिक पण असते, त्यामुळे नसेल झालेली तर लगेच पळू नका, फंडस फोटो आणि फील्ड एकमेकांना जुळत असतील तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. बोर्डाने शंका काढलीच तर ईआरजी त्यांनाच करायला किंवा मोठ्या दवाखान्यात रेफर करायला सांगा, लेखी.

डॉक्टरांच्या त्या एका पानावर अजून दोन वाक्यं पाहिजेत. एक, हा आजार कायमस्वरूपी आणि वाढत जाणारा आहे, उपचाराने घेर परत येणार नाही. दुसरं, मोतीबिंदू आहे का नाही. हे दुसरं लोक विसरतात. आरपीवाल्यांना कमी वयात मागच्या बाजूचा मोतीबिंदू होतो, आणि तो असला की बोर्ड म्हणतं आधी ऑपरेशन करा मग या, किंवा थोड्या मुदतीचं तात्पुरतं सर्टिफिकेट देतं. मोतीबिंदू काढून अक्षरं सुधारतील पण गेलेला घेर काही परत येत नाही, हे डॉक्टरनी लिहून दिलेलं असलं की तो वाद तिथेच मिटतो.

आता अर्ज. दोन रस्ते आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक म्हणजे ज्या बोर्डाने सर्टिफिकेट दिलं त्यांच्याचकडे फेरतपासणीची विनंती. दुसरा म्हणजे अपील, कायद्याच्या कलम 59 खाली, बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध वरच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे, जो राज्य शासन नेमतं. माझं मत, जिथे तपासणीच अर्धी झालीय तिथे आधी फेरतपासणी, कारण त्यांनी घेर मोजून तुमच्याशी असहमती दाखवलेली नाही, मोजलेलाच नाही. मोजून कमी आला आणि तुमच्या रिपोर्टशी जुळला नाही, तर मग अपील. पण फेरतपासणीच्या उत्तराची वाट बघत बसून अपिलाची मुदत जाऊ द्यायची नाही, म्हणून त्याच अर्जात शेवटी एक ओळ टाका, की माझ्या प्रकरणात अपील कुठल्या प्राधिकाऱ्याकडे आणि किती दिवसांत करायचं ते लेखी कळवावं. या एका ओळीने दोन कामं होतात, माहिती मिळते, आणि आपण गप्प बसणारातले नाही हे पण त्यांना कळतं.

अर्ज लांबलचक नको. मी लोकांना जो लिहून देतो तो साधारण असा असतो, तुमचं बदलून घ्या:

'प्रति, मा. अध्यक्ष, दिव्यांग प्रमाणपत्र मंडळ. विषय: दृष्टिदोषाच्या मूल्यमापनाची फेरतपासणी होण्याबाबत. महोदय, माझे युडीआयडी प्रमाणपत्र क्रमांक अमुक, दिनांक अमुक, टक्केवारी 10. मला दोन्ही डोळ्यांचा रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. मूल्यमापनाच्या वेळी माझी दृष्टितीक्ष्णता तपासण्यात आली, परंतु दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या अनुसूचीत अल्पदृष्टी ठरवताना दृष्टिक्षेत्राचाही निकष दिलेला आहे. सोबत जोडलेल्या नेत्रतज्ज्ञांच्या अहवालानुसार माझे दृष्टिक्षेत्र उजवा डोळा इतके अंश, डावा डोळा इतके अंश आहे. तरी सध्या लागू असलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मंडळाने माझ्या दृष्टिक्षेत्राची तपासणी करून फेरमूल्यमापन करावे. तसेच या प्रकरणी अपिलीय प्राधिकारी कोण व अपिलाची मुदत किती हे लेखी कळवावे ही विनंती.'

यात बघा 'मला 70 टक्के द्या' असं कुठेही नाही. टक्के मागितले की समोरचा चिडतो आणि तुम्ही योजनेसाठी आलाय असं धरून चालतो. तपासणी मागितली की नाही म्हणायला त्याला कारण लागतं. 'लागू असलेल्या मार्गदर्शक सूचना' हे शब्द पण मुद्दाम घातलेत, कारण केंद्राने आधी 2018 च्या जानेवारीत सूचना काढल्या आणि मग मार्च 2024 मध्ये सुधारून काढल्या, उगाच जुन्याचा नंबर टाकून कोलीत कशाला द्या.

अर्जासोबत झेरॉक्स जोडा, ओरिजिनल कधीच देऊ नका, फक्त दाखवा. आणि आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. बाबू म्हणेल ठेवून जा, नंतर बघतो. नाही, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, गर्दी असली तरी. शिक्का देतच नसतील तर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. पहिल्यांदा एका नातेवाईकासाठी गेलो तेव्हा मी सगळी फाईल उचलून नेली, दहा वर्षांच्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं, रक्ताचे रिपोर्ट, अगदी जाडजूड. डॉक्टरनी दोन पानं उलटली, मधेच एका जुन्या चिठ्ठीवर लिहिलेलं 'व्हिजन नॉर्मल' त्यांना सापडलं, आणि बोलणं तिथेच संपलं. ती चिठ्ठी सात वर्षांपूर्वीची होती पण समजावत बसायला मागे शंभर माणसं उभी. तेव्हापासून मी सात आठ पानांच्या वर काही नेत नाही. सगळ्यात वर डॉक्टरांचं ते एक पान, खाली फील्डचे प्रिंट, खाली फंडस फोटो, शेवटी सध्याचं सर्टिफिकेट. झालं. बाकी पिशवीत ठेवा, मागितलं तर काढा.

त्याच दिवशी शेजारच्या खिडकीवर अजून एक काम करा, माहिती अधिकाराचा अर्ज. 10 रुपये फी, आणि तुमचं पिवळं रेशन कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेखालचा पुरावा असेल तर फी पण नाही, तो पुरावा जोडा. त्यात एवढंच मागा, की माझ्या मूल्यमापनाच्या वेळी भरलेल्या तपासणी तक्त्याची छायांकित प्रत द्यावी, त्यात दृष्टितीक्ष्णता आणि दृष्टिक्षेत्राच्या नोंदींसह. 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे. उत्तरात फील्डच्या जागी रेघ मारलेली असली की ते पान तुमच्या अपिलाचं पहिलं पान. आणि गंमत म्हणजे कधीकधी हे मागितल्यावरच फेरतपासणीचं बोलावणं येतं. हा अर्ज मिस्टरांच्या नावाने आणि सहीने द्या, तब्येतीची माहिती खाजगी असते, दुसऱ्याच्या नावाने मागितली तर नाकारता येते.

बोलावलं की दोघं जा. खोलीत शिरल्यावर मिस्टरांनी पहिलं वाक्य हेच बोलायचं, 'साहेब, माझी फील्ड तपासा, आरपी आहे.' तुम्ही बायका मागे उभ्या राहून सगळं सांगता आणि पेशंट गप्प, तसं नको. डॉक्टर बोटं हलवून ढोबळ बघतील, ते आधी होऊ द्या, चिडू नका, बोट कुठे दिसायला लागलं ते खरंखरं सांगायचं. मग मशीनवर घेतील, किंवा मशीन बंद आहे म्हणतील. मशीन बंद म्हणाले तर 'दुसऱ्या सरकारी दवाखान्यात रेफर करून द्या' हे तिथल्या तिथे म्हणा आणि केसपेपरवर लिहून घ्या. मशीन नाही म्हणून परत अक्षरांवरच टक्के लावून घरी यायचं नाही.

आणि एवढं करून घेर मोजलाच नाही, किंवा मोजून कारण न देता 10 वरच ठेवलं, तर अपील. त्यासाठी वकील लागेल असं कुणी म्हटलं तर सोलापूर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे महिला, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याची कायद्यात तरतूद आहे, तुमच्या घरात तर यातल्या दोन तीन गोष्टी एकाच वेळी बसतात. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पण तक्रार करता येते, पण अपेक्षा नीट ठेवा, आयुक्त टक्के बदलून देणार नाहीत, ते बोर्डाला विचारू शकतात की तपासणी का केली नाही आणि ती करायला सांगू शकतात.

पैशाचं सांगायचं तर 40 ची लाईन ओलांडली की संजय गांधी निराधारचा अर्ज परत करता येतो, दिव्यांगांना 2025 च्या ऑक्टोबरपासून महिन्याला 2500 झालेत, उत्पन्नाचा दाखला मात्र तहसीलचा वेगळा लागतोच, तो आत्तापासून काढून ठेवा नाहीतर टक्के आले आणि दाखला नाही असं होतं. मागच्या महिन्यांचे पैसे मिळतील असं धरून चालू नका. एसटीची सवलत 40 पासून मिळते, 65 पासून सोबत्याला पण सवलत, म्हणजे तुमच्या केसमध्ये 40 का 70 हा फरक तुमच्या स्वतःच्या तिकिटावर पण पडतो. रेल्वेची सवलत मात्र मागू नका, ती अजिबात न दिसणाऱ्यांना असते. आणि कार्डाचा रंग बदलेल, 2024 च्या दुरुस्तीनंतर 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 ला पिवळं, 80 पासून निळं, म्हणजे पांढऱ्याच्या जागी पिवळं येईल. ते आलं का नाही हे swavlambancard.gov.in वर नंबर टाकून बघता येतं, पोराला सांगा मोबाईलवर बघायला.

हा आजार वाढतो, त्यामुळे आत्ताचा फील्ड रिपोर्ट घेराच्या आकड्यासकट जपून ठेवा, दोन तीन वर्षांनी परत काढला आणि घेर 10 च्या खाली गेला असेल तर तेव्हा अंधत्वाच्या घरात परत अर्ज करता येतो आणि जुना रिपोर्ट लागतो.

एक सांगायचं राहिलं. मिस्टर अजून गाडी चालवत असतील, आपल्याकडे दुपारच्या उन्हात सगळ्यांनाच दिसतं म्हणून चालवतात, तर चावी तुमच्याकडे घ्या. आणि घरात नात्यातलं लग्न असेल, म्हणजे मामाची आत्याची मुलगी वगैरे, तर मुलांचे डोळे पण एकदा पडद्याच्या डॉक्टरला दाखवा, संध्याकाळी अंगणात खेळताना ठेचकाळतात का तेवढं बघून ठेवा आणि डॉक्टरला सांगा.